निर्देशांकासोबत सक्रिय फंड किती? : प्रस्तावना

इंडेक्स फंड घ्यावा की नावाजलेल्या फंड मॅनेजरचा अ‍ॅक्टिव्ह फंड घ्यावा, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा "हे की ते" अशाच रीतीने विचारला जातो. दोन्ही बाजूंचे लोक आपापले दाखले देतात आणि गुंतवणूकदार शेवटी ज्याचे बोलणे अधिक पटेल त्याच्या मागे जातो. या पुस्तकाचा प्रश्न वेगळा आहे. पैशाचा मोठा भाग निर्देशांकात ठेवायचा हे एकदा मान्य केले, आणि त्याच वेळी एखादा फंड मॅनेजर खरोखर कुशल असू शकतो हेही मान्य केले, तर त्या मॅनेजरच्या हाती दहा लाखांपैकी किती लाख द्यावेत? उत्तर शून्य असू शकते, सगळे दहा असू शकते, किंवा मधला कोणताही आकडा. तो आकडा काढण्याची रीत 1973 सालीच लिहून ठेवलेली आहे. ती कशी चालते आणि तिच्यावर किती विसंबावे, हे मराठी वाचकापुढे नीट मांडावे म्हणून हे पुस्तक.

जॅक ट्रेनर आणि फिशर ब्लॅक या दोघांनी जानेवारी 1973 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या 'जर्नल ऑफ बिझनेस'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. दोघेही पूर्वी आर्थर डी. लिटल या सल्लागार कंपनीत काम केलेले. ब्लॅक यांचे शिक्षण गणिताचे होते, अर्थशास्त्र त्यांनी बरेचसे ट्रेनर यांच्या सहवासात शिकले. त्याच वर्षी ऑप्शनच्या किमतीचे सूत्र मायरन शोल्स यांच्यासोबत प्रसिद्ध झाले आणि ब्लॅक यांचे नाव त्या सूत्राशी कायमचे जोडले गेले. त्यामुळे हा निबंध थोडा मागे पडला. माझ्या मते सामान्य गुंतवणूकदाराच्या उपयोगाचा निबंध हाच आहे.

त्यांच्यापुढची अडचण साधी होती. हॅरी मार्कोविट्झ यांनी 1952 मध्ये जोखीम आणि परतावा यांचा मेळ घालण्याचे गणित दिले होते, पण ते वापरायचे तर बाजारातल्या प्रत्येक शेअरचा अंदाज हवा आणि प्रत्येक शेअरचा इतर प्रत्येक शेअरशी असलेला संबंधही हवा. एवढे कोणालाच माहीत नसते. विश्लेषकाला दहा-वीस कंपन्यांबद्दल काही ठोस मत असते, उरलेल्या शेकडो कंपन्यांबद्दल नसते. ट्रेनर आणि ब्लॅक यांनी म्हटले की ज्याबद्दल मत नाही ते सगळे निर्देशांकावर सोडून द्या. ज्याबद्दल मत आहे त्याचा एक छोटा सक्रिय गट करा. मग प्रश्न फक्त दोन वस्तूंच्या वाटणीचा उरतो, एक सक्रिय गट आणि एक निर्देशांक. आज आपल्यापुढे सक्रिय गट फंडाच्या रूपात तयारच मिळतो, म्हणून त्यांच्या पद्धतीची शेवटची पायरी आपल्याला थेट वापरता येते.

त्यासाठी फंडाचा परतावा आधी सोलून पाहावा लागतो. एखाद्या फंडाने वर्षाला 14 टक्के दिले म्हणजे मॅनेजरने 14 टक्के कमावले असे होत नाही. त्यातला काही भाग कोणतीही जोखीम न घेता सरकारच्या 91 दिवसांच्या ट्रेझरी बिलावर मिळालाच असता. काही भाग बाजार चढला म्हणून आला, आणि बाजाराच्या हालचालीचा किती हिस्सा फंडाने उचलला हे बीटा सांगतो. बीटा 0.9 असेल तर निर्देशांकाने बिनजोखमीच्या व्याजापेक्षा 10 टक्के जास्त दिले की फंडाकडून 9 टक्क्यांची अपेक्षा करायची. हे दोन्ही वजा केल्यावर सरासरीने जे उरते तो अल्फा. अल्फाच्या भोवती दर महिन्याला जी वरखाली होते, जिचा बाजाराशी काही संबंध नाही, ती अवशिष्ट जोखीम. मॅनेजरने काही शेअर जास्त घेतले, काही टाळले, त्यामुळे निर्माण झालेली ही जोखीम पूर्णपणे त्याची स्वतःची असते.

अल्फाला या अवशिष्ट जोखमीने भागले की अ‍ॅप्रेझल रेशो मिळतो. मॅनेजरने स्वतःहून घेतलेल्या जोखमीच्या प्रत्येक एककामागे किती जादा मिळाले, एवढेच तो सांगतो. वर्षाला 2 टक्के अल्फा आणि 8 टक्के अवशिष्ट जोखीम असेल तर रेशो 0.25. बाजारासाठी हेच काम शार्प रेशो करतो. निर्देशांकाकडून बिनजोखमीच्या व्याजावर 6 टक्के जादा मिळतील असे धरले आणि त्याचा वार्षिक चढउतार 18 टक्के धरला, तर शार्प रेशो 0.33. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. वाचकाने स्वतःचे घ्यावेत.

आता या पद्धतीचा गाभा. सर्वोत्तम वाटणीत, एकूण पोर्टफोलिओमधली अवशिष्ट जोखीम आणि बाजाराची जोखीम यांचे प्रमाण अ‍ॅप्रेझल रेशो आणि शार्प रेशो यांच्या प्रमाणाइतकेच असते. वरच्या आकड्यांत 0.25 ला 0.33 ने भागले की 0.75 येते. म्हणजे बाजाराची जोखीम 100 असेल तर मॅनेजरची जोखीम 75 हवी. अ‍ॅप्रेझल रेशो थेट वजन सांगत नाही, तो जोखमीचा वाटा सांगतो, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. पाठ्यपुस्तके वाचताना इथे हमखास गोंधळ होतो. समजा दुसरा एक फंड दुप्पट धाडसी आहे, अल्फा 4 टक्के आणि अवशिष्ट जोखीम 16 टक्के. त्याचाही रेशो 0.25 च आहे. बीटाचा फरक बाजूला ठेवला तर त्याला पहिल्या फंडाच्या निम्मे पैसे द्यायचे आणि नेमका तोच परिणाम मिळवायचा. कौशल्य सारखे असेल तर धाडसी मॅनेजरला कमी पैसे पुरतात.

वजन काढण्याचे सूत्र दोन पायऱ्यांचे आहे:

```
w0 = (α / σe²) / (E / σm²)
w  = w0 / (1 + (1 − β) · w0)
```

पहिल्या ओळीत α म्हणजे अल्फा, σe म्हणजे अवशिष्ट जोखीम, E म्हणजे निर्देशांकाकडून अपेक्षित जादा परतावा आणि σm त्याचा चढउतार. दुसरी ओळ बीटाची दुरुस्ती आहे. फंडाचा बीटा एकाहून कमी असेल तर त्यात पैसे घालताना आपण नकळत बाजारातून थोडे बाहेर पडतो, त्यामुळे वजन जरा कमी होते. बीटा एकाहून जास्त असेल तर उलट होते.

हे एका उदाहरणात शेवटपर्यंत करून पाहू. निर्देशांकाचे आकडे वरचेच. फंडाचा दहा वर्षांचा इतिहास पाहून अल्फा 2 टक्के, अवशिष्ट जोखीम 8 टक्के, बीटा 0.9 असे मिळाले. 0.02 ला 0.0064 ने भागले की 3.125. 0.06 ला 0.0324 ने भागले की 1.852. पहिल्याला दुसऱ्याने भागून w0 सुमारे 1.69 येतो, आणि बीटाची दुरुस्ती केल्यावर w येतो 1.44. म्हणजे दहा लाखांपैकी 14 लाख 40 हजार या फंडात घाला आणि त्यासाठी लागणारे वरचे 4 लाख 40 हजार निर्देशांक उधारीवर विकून उभे करा, असे सूत्र सांगते.

बहुतेक लोक इथे सूत्रच चुकीचे आहे असे म्हणून पुस्तक मिटतात. सूत्र चुकलेले नाही. वर्षाला 2 टक्के अल्फा खरोखर खात्रीचा असेल, तर तो इतका मौल्यवान आहे की हेच करणे योग्य ठरेल. एकत्रित पोर्टफोलिओचा शार्प रेशो काढायचा तर बाजाराच्या रेशोचा वर्ग आणि अ‍ॅप्रेझल रेशोचा वर्ग यांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे. तो 0.33 वरून 0.42 वर जातो. 18 टक्के एवढीच जोखीम ठेवून मोजले तर दर वर्षी दीड टक्का जादा, दहा लाखांवर 15,000 रुपये. गडबड सूत्रात नाही, "खात्रीचा" या शब्दात आहे.

दहा वर्षांच्या आकड्यांवरून अल्फा 2 टक्के आला, पण त्या आकड्याची स्वतःची अनिश्चितता किती? ती अवशिष्ट जोखमीला वर्षांच्या वर्गमुळाने भागून मिळते. 8 टक्के भागिले 10 चे वर्गमूळ म्हणजे जवळपास 2.5 टक्के. खरा अल्फा 2 टक्के असू शकतो, 4 टक्के असू शकतो आणि उणे अर्धा टक्काही सहज असू शकतो. संख्याशास्त्रात निदान दोन पटींचे अंतर असल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत. 0.25 अ‍ॅप्रेझल रेशो असलेल्या फंडाबाबत तेवढे अंतर पडायला 64 वर्षांचे आकडे लागतात. तितक्या काळात मॅनेजर निवृत्त होतो, फंड दुसऱ्यात विलीन होतो, बाजारच बदलतो. अवशिष्ट जोखीम आणि बीटा यांचा अंदाज पाच वर्षांच्या मासिक आकड्यांवरून बऱ्यापैकी येतो. अल्फाचा अंदाज मात्र कितीही बारकाईने आकडेमोड केली तरी धूसरच राहतो, आणि सूत्र नेमके त्याच्यावरच सर्वांत जास्त अवलंबून आहे.

म्हणून मोजलेला अल्फा जसाच्या तसा सूत्रात घालायचा नसतो, तो आधी आकसावा लागतो. किती आकसायचा हे ठरवण्यासाठी एक प्रश्न स्वतःला विचारावा लागतो: या फंडाचे आकडे पाहण्याआधी, खर्च वजा जाता अल्फाबद्दल माझे मत काय होते? विल्यम शार्प यांनी 1991 मध्ये एका छोट्या लेखात दाखवून दिले की सर्व सक्रिय गुंतवणूकदार मिळून खर्चापूर्वी बाजाराइतकेच कमावतात, कारण बाजार म्हणजे तेच आणि निर्देशांकवाले मिळून. खर्च वजा केला की सरासरी बाजाराच्या खाली जाते. त्यामुळे आधीचे मत शून्याभोवती ठेवणे हे मॅनेजरबाबत उदारपणाचेच म्हणावे लागेल. बरेचसे फंड शून्याच्या दोन्ही बाजूंना दीड टक्क्याच्या आत पसरलेले असतील असे धरू. मग आकसण्याचे प्रमाण असे निघते: दीडचा वर्ग 2.25. मोजमापातल्या अनिश्चिततेचा वर्ग, म्हणजे 64 भागिले 10, 6.4. दोहोंची बेरीज 8.65, आणि 2.25 ला 8.65 ने भागले की 0.26. मोजलेल्या अल्फापैकी एक चतुर्थांशच विश्वासार्ह. 2 टक्क्यांचा झाला अर्धा टक्का.

अर्धा टक्का सूत्रात घालून पुन्हा मोजले की w0 येतो 0.42 आणि w येतो 0.40. दहा लाखांपैकी चार लाख फंडात, सहा लाख निर्देशांकात. आता हा आकडा माणसाने वापरावा असा दिसतो. पण फायदा पाहा. अ‍ॅप्रेझल रेशो 0.0625 झाला आहे, त्याचा वर्ग अगदीच लहान, आणि एकत्रित शार्प रेशो 0.333 वरून 0.339 वर जातो. तेवढ्याच जोखमीवर दहा लाखांमागे वर्षाला साधारण हजार रुपये जादा. दहा वर्षांचा चांगला इतिहास असलेल्या फंडाची, सगळे नीट मोजल्यावर, ही अपेक्षित कमाई. जाहिरातीत दिसणारा दोन टक्के अल्फा आणि हे हजार रुपये यांच्यामधले अंतर हाच या पुस्तकाचा खरा विषय आहे, म्हणून इथे थोडे थांबतो.

समजा वाचकाने चार लाखांऐवजी दोनच लाख फंडात घातले. गणित करून पाहिले तर एकत्रित रेशो 0.3376 येतो, म्हणजे मिळू शकणाऱ्या फायद्यापैकी तीन चतुर्थांश फायदा निम्म्या पैशातच मिळून जातो. आता समजा त्याने उत्साहाच्या भरात दुपटीहून जरा जास्त, आठ लाख दहा हजार घातले. रेशो 0.333 वर परत येतो, किंबहुना काकणभर खालीच. अल्फा खरा असूनही, मॅनेजर कुशल असूनही, सगळा फायदा अवशिष्ट जोखमीने खाऊन टाकला. योग्य वजनाच्या निम्म्यावर थांबलात तर पाव फायदा जातो, दुपटीवर गेलात तर सगळा जातो. हा नियम या उदाहरणापुरता नाही, सूत्राच्या आकारातूनच तो येतो. ज्याला अल्फाची खात्री नाही त्याने, म्हणजे आपल्यापैकी प्रत्येकाने, सूत्र सांगेल त्याच्या निम्म्यापाशी थांबणे शहाणपणाचे आहे. आणि आपल्याकडे प्रत्यक्षात काय दिसते? ज्या घरात म्युच्युअल फंड आहेत त्यांपैकी कित्येक घरांत इक्विटीचा जवळजवळ सगळा पैसा अ‍ॅक्टिव्ह फंडांतच असतो.

वजन ठरवताना निर्देशांकाबद्दलचा अंदाजही आत येतो हे विसरू नये. निर्देशांकाकडून 6 ऐवजी 4 टक्केच जादा मिळतील असे धरले, तर त्याच अर्ध्या टक्क्याच्या अल्फाला 40 ऐवजी सुमारे 60 टक्के वजन मिळते. मॅनेजर रातोरात हुशार झालेला नसतो, फक्त त्याच्यासमोरचा पर्याय फिका पडलेला असतो. त्यामुळे "यंदा बाजारात काही राम नाही, म्हणून अ‍ॅक्टिव्ह फंड वाढवा" असा सल्ला मिळाला की त्यातला बाजाराचा अंदाज वेगळा काढून तपासावा.

आता अल्फा मोजायचा कसा, आणि तो खोटा कसा निघतो याबद्दल. पुस्तकाचा मोठा भाग यावरच आहे, कारण वाटणीचे सूत्र दोन ओळींचे आहे पण त्यात जाणारा आकडा बिघडण्याचे मार्ग पुष्कळ आहेत.

सर्वांत जुनी चूक लाभांशाची. सेन्सेक्स किंवा निफ्टीचा जो आकडा रोज बातम्यांत येतो त्यात कंपन्यांनी दिलेला लाभांश धरलेला नसतो. फंडाच्या एनएव्हीत मात्र तो येतो. दोघांची तुलना केली की लाभांशाएवढा अल्फा कोणीही काही न करता तयार होतो. वर्षाला सव्वा टक्का लाभांश धरला, तर वरच्या उदाहरणातल्या 2 टक्क्यांपैकी निम्म्याहून अधिक अल्फा तिथेच नाहीसा होतो. सेबीने 1 फेब्रुवारी 2018 पासून फंडांना टोटल रिटर्न इंडेक्सशी, म्हणजे लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी, तुलना करणे बंधनकारक केले. त्याआधीची माहितीपत्रके चाळताना हे ध्यानात ठेवावे.

दुसरी चूक चुकीच्या निर्देशांकाची, आणि ती ओळखणे अधिक अवघड आहे. फंड मोठ्या कंपन्यांचा म्हणवतो, पण त्याच्या पैशाच्या पाचव्या भागात मधल्या आणि छोट्या कंपन्या आहेत. ज्या वर्षांत छोट्या कंपन्या चढतात त्या वर्षांत निफ्टी 50 च्या तुलनेत तो कुशल दिसतो. हा अल्फा नसतो, दुसऱ्या निर्देशांकाचा परतावा असतो, आणि तो तसल्याच इंडेक्स फंडातून स्वस्तात विकत मिळतो. ओळखायची खूण अशी: निर्देशांकाचा भाग वजा केल्यावर उरलेले मासिक आकडे स्मॉलकॅप निर्देशांकाच्या मासिक परताव्यासोबत मांडून पाहावेत. दोन्ही एकत्र वरखाली होत असतील तर आपण अल्फा मोजलाच नाही. मी स्वतः अशा फंडांसाठी निफ्टी 500 चा टोटल रिटर्न इंडेक्स वापरतो, आणि शंका राहिली तर दोन निर्देशांक एकाच वेळी घालून मोजणी करतो.

तिसरी अडचण भारतातल्या नियमबदलांची. सेबीने ऑक्टोबर 2017 च्या परिपत्रकाने फंडांचे प्रकार आखून दिले. लार्जकॅप फंडाने किमान 80 टक्के पैसा बाजारमूल्याने पहिल्या 100 कंपन्यांत ठेवायचा असे ठरले, आणि 2018 मध्ये अनेक योजनांची नावे आणि धोरणे बदलली. पुढे 2020 मध्ये मल्टिकॅपचे नियम बदलून मोठ्या, मधल्या आणि छोट्या कंपन्यांत प्रत्येकी किमान 25 टक्के अशी अट आली, नोव्हेंबर 2020 मध्ये फ्लेक्सिकॅप हा नवा प्रकार झाला आणि बऱ्याच मल्टिकॅप योजना तिकडे वळल्या. म्हणजे कागदावर दहा-बारा वर्षांचा दिसणारा इतिहास प्रत्यक्षात दोन-तीन निरनिराळ्या फंडांचा असू शकतो. अशा वेळी फक्त आताच्या धोरणाचे आकडे घ्यावेत. वर्षे कमी होतील, अनिश्चितता वाढेल, आकसणे जास्त करावे लागेल, वजन उतरेल. उतरू द्यावे.

खर्चाबद्दल थोडे अधिक बोलायला हवे. एनएव्हीतून खर्च आधीच वजा झालेला असतो, त्यामुळे तिच्यावरून मोजलेला अल्फा खर्चानंतरचा असतो. पण कोणत्या योजनेची एनएव्ही? जानेवारी 2013 पासून प्रत्येक फंडाची थेट योजना आणि वितरकामार्फतची नियमित योजना वेगवेगळी आहे, आणि वितरकाचा मोबदला नियमित योजनेच्या खर्चात असतो. थेट योजनेचे आकडे पाहून अल्फा काढायचा आणि पैसे नियमित योजनेत घालायचे, हे मी अनेकदा पाहिले आहे. फरक वर्षाला पाऊण टक्का असेल तर आकसून उरलेला अर्धा टक्का तिथेच संपतो, उणे पाव होतो. सूत्र उणे वजन सांगते, आणि आपल्याला फंड उधारीवर विकता येत नाही, म्हणून वजन शून्य.

याच्याशीच जोडलेला प्रकार म्हणजे निर्देशांकाची छुपी नक्कल करणारा फंड. अवशिष्ट जोखीम 2-3 टक्के, बीटा एकाच्या अगदी जवळ, पोर्टफोलिओतले मोठे शेअर निर्देशांकातलेच आणि थोड्याफार त्याच प्रमाणात. यातला बहुतेक पैसा निर्देशांकात आहे, पण खर्च मात्र सगळ्या पैशावर सक्रिय फंडाचा. समजा अशा फंडात मॅनेजरचे स्वतंत्र निर्णय जेमतेम 30 टक्के पैशावर आहेत आणि इंडेक्स फंडापेक्षा तो वर्षाला एक टक्का जादा घेतो. मग त्या 30 टक्क्यांवर खर्चाचे ओझे 3 टक्क्यांहून अधिक पडते. एवढे फेडून अल्फा उरवणारा मॅनेजर विरळा. इथेही गमावलेला पैसा ठळक दिसत नाही, कारण फंड निर्देशांकासोबतच चालतो, दर वर्षी थोडासा मागे. छोटी अवशिष्ट जोखीम पाहून सूत्र फसू शकते, कारण छेदात तिचा वर्ग येतो: 3 टक्के जोखमीवर चुकून अर्धा टक्का अल्फा धरला गेला तर सूत्र तीनशे टक्क्यांच्या आसपास वजन सांगते. असा आकडा आला की वजन कापण्याआधी अल्फा तपासावा.

एकापेक्षा जास्त सक्रिय फंड असतील तर प्रत्येकाला अल्फा भागिले अवशिष्ट जोखमीचा वर्ग या प्रमाणात वाटा देऊन आधी त्यांचा एक गट करायचा आणि त्या गटावर वरचे सूत्र चालवायचे. ट्रेनर आणि ब्लॅक यांनी शेअरसाठी नेमके हेच केले. त्यांची अट अशी की अवशिष्ट जोखमी एकमेकींशी निगडित नसाव्यात. तीन फ्लेक्सिकॅप फंडांनी तेच पाच बँक शेअर जास्त घेतले असतील तर ते तीन फंड नाहीत, एकच फंड आहे.

वजन एकदा ठरवले की दर तिमाहीला बदलायचे नाही. इक्विटी फंड एका वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर 20 टक्के कर आहे, त्यानंतर सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर 12.5 टक्के. जुलै 2024 पासूनचे हे दर आहेत. वर्षाला हजार रुपयांच्या अपेक्षित फायद्यासाठी लाखोंच्या नफ्यावर कर भरणे परवडत नाही. फरक नव्या पैशातून, एसआयपीचा मोहरा बदलून भरून काढावा. मॅनेजर बदलला, धोरण बदलले किंवा अवशिष्ट जोखीम एकदम दुप्पट झाली तर मात्र थांबू नये, कारण ज्या फंडाचे मोजमाप आपण केले होते तो आता राहिलेला नसतो.

या पुस्तकात दहावीपुरत्या बीजगणितापलीकडे काही लागत नाही, आणि आकडेमोड कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये होते. SLOPE, INTERCEPT आणि STEYX ही तीन फंक्शने ट्रेझरी बिलाचा दर वजा केलेल्या मासिक परताव्यांवर चालवली की बीटा, अल्फा आणि अवशिष्ट जोखीम मिळतात. अल्फाला 12 ने आणि जोखमीला 12 च्या वर्गमुळाने गुणून वार्षिक करायचे. एनएव्हीचा इतिहास अ‍ॅम्फीच्या संकेतस्थळावर आहे, टोटल रिटर्न इंडेक्सचे आकडे एनएसईच्या निर्देशांक उपकंपनीच्या संकेतस्थळावर आहेत, ट्रेझरी बिलाचे दर रिझर्व्ह बँक प्रसिद्ध करते. तिन्ही फुकट मिळतात. पहिले प्रकरण वाचण्याआधी वाचकांनी आपल्याजवळच्या सर्वांत मोठ्या अ‍ॅक्टिव्ह फंडाचे, ज्या योजनेत प्रत्यक्ष पैसे आहेत तिचेच, पाच वर्षांचे मासिक आकडे उतरवून घ्यावेत आणि पुढची प्रत्येक पायरी माझ्या उदाहरणासोबत त्या आकड्यांवरही करावी, ही विनंती.